छापील किंमत फुगली की शेजारचा डीलर बुडतो

समजा, कोल्हापूरच्या कारखान्याचा पंप नैरोबीतला एजंट विकतो आणि कंपालात तोच पंप दुसरा डीलर विकतो. एजंट म्हणतो, "दरपत्रकात २४० डॉलर छापा, गिऱ्हाईक घासाघीस करतंच." मग तो तीस टक्के सूट देतो आणि पंप १६८ ला जातो. कंपालाचं दरपत्रक २१० चं; दहा टक्के सोडून डीलरला १८९ मिळतात. कंपालाच्या गिऱ्हाइकाने नैरोबीहून पंप आणला आणि १० डॉलर वाहतूक धरली, तरी तो १७८ लाच पडतो. डीलरचा माल पडून राहतो.

एजंटला समजवायचं ते हे, की छापील किंमत सुटीसाठी फुगवायची नसते. दोन्हीकडे २१० ठेवा आणि नैरोबीतही सूट दहा टक्क्यांवर थांबवा. मग तिथून आणलेला पंप १९९ ला पडेल. तपासायचा आकडा छापील नव्हे, सूट वजा करून वाहतूक मिळवलेला.

मात्र ही मर्यादा कारखान्याचा माल कारखान्याच्याच वतीने विकणाऱ्या एजंटला घालता येते. माल विकत घेणाऱ्या डीलरवर किमान भाव लादणं अनेक देशांत बेकायदा ठरतं. भारतात डीलरांच्या सवलतींवर बंधन घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला होता. तेव्हा डीलरच्या बाबतीत कारखान्याने आपली घाऊक सूटच बेताची ठेवावी आणि करार करण्याआधी तिथल्या वकिलाला विचारावं.