दोन हिरवे एकत्र लागले तर?

अमेरिकेत सिग्नलच्या चौकाच्या कडेला धातूचं एक कपाट उभं असतं. त्यात दिवे बदलणारा कंट्रोलर असतो आणि त्याच्यावर पाळत ठेवणारं एक स्वतंत्र यंत्रही असतं, कॉन्फ्लिक्ट मॉनिटर. कंट्रोलरने कोणता आदेश दिला याच्याशी मॉनिटरला कर्तव्य नसतं. दिव्यांकडे जाणाऱ्या तारांवर प्रत्यक्ष किती व्होल्टेज आहे, ते तो मोजतो. प्रोग्रॅम निर्दोष असला तरी दिव्याला वीज पुरवणारा लोड स्विच बिघडून अडकू शकतो, म्हणून हा पहारा हवाच.

कंट्रोलर एका ठरावीक अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो: मुख्य रस्ता हिरवा, मग पिवळा, मग क्षणभर सगळे लाल, मग आडवा रस्ता हिरवा. या क्रमाची चाचणी सोपी. अवघड आहे ते कधीच घडू नये अशा जोड्या तपासणं. मॉनिटरला सोळा चॅनेल असले तर त्यांच्या १२० जोड्या होतात. समोरासमोरून सरळ जाणाऱ्या गाड्यांना एकत्र हिरवा चालतो, पण मुख्य आणि आडव्या रस्त्याला नाही. चालणाऱ्या जोड्या मॉनिटरमधल्या छोट्या कार्डावर तारा जोडून नोंदवलेल्या असतात. हे कार्ड त्या चौकापुरतंच असतं. दुसऱ्या चौकाचं कार्ड चुकून बसलं, तर धोक्याची जोडीही मॉनिटरला परवानगीची वाटू शकते. म्हणून तपासणीत एकेक जोडी मुद्दाम पेटवून पाहावी लागते, सगळ्याच्या सगळ्या.

वेळही तितकीच नेमकी लागते. अमेरिकी मानकानुसार विरोधी दिवे २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी काळ एकत्र दिसले तर मॉनिटरने गप्प राहायचं, कारण दिवे बदलताना असा ओझरता क्षण येऊ शकतो. ४५० मिलिसेकंद झाले की मात्र चौक ताब्यात घ्यायचाच. चाचणी करणारा या दोन्ही सीमांच्या जरा अलीकडे-पलीकडे ठोके देतो. फार संवेदनशील मॉनिटर चांगला चौक विनाकारण बंद पाडतो, हाही दोषच. पिवळा सुमारे २.७ सेकंदांच्या आत संपला, तरी मॉनिटरने बिघाड धरायला हवा.

मग चौक 'फ्लॅश'वर जातो. सगळीकडे लाल उघडझाप होते, किंवा मुख्य रस्त्याला पिवळी आणि आडव्याला लाल. ही उघडझाप कंट्रोलर करत नाही. रिले दिव्यांच्या तारा त्याच्याकडून काढून वेगळ्या फ्लॅशरला देतात, त्यामुळे कंट्रोलर पुरता गोठला तरी चौक सांभाळला जातो.

इथली सर्वांत बोलकी चाचणी म्हणजे सिग्नल नीट चालू असताना मॉनिटरच उपसून काढणं. चौक तत्काळ फ्लॅशवर गेला पाहिजे. पुढे विरोधी हिरव्यांचा बिघाड घडवून वीज तोडायची आणि परत द्यायची. वीज आल्यावर सिग्नल आपोआप पूर्ववत झाला, तर ती चाचणी नापास. तंत्रज्ञाने कपाट उघडून कारण शोधलं आणि स्वतःच्या हाताने रीसेट केलं, तरच हिरवा पुन्हा लागायला हवा.