शेअर मिळाले नाहीत, मग पैसे कधी सुटणार?

आयपीओसाठी अर्ज केला की रक्कम खात्यातून जात नाही. बँक ती फक्त गोठवते, आणि बचत खात्याचे व्याज तिच्यावर चालूच राहते. शेअर मिळाले नाहीत तर हा अडसर काढायचा, एवढेच काम उरते. तरीही ते कधी कधी रेंगाळते.

समजा, १५,००० रुपयांचा अर्ज आहे आणि इश्यू शुक्रवारी बंद झाला. सोमवारी वाटप ठरते, मंगळवारी रक्कम मोकळी व्हायला हवी, बुधवारी शेअर बाजारात येतो. मध्ये सुट्टी आली तर सगळेच एकेक दिवस पुढे सरकते. म्हणून सोमवारी रात्री ‘शेअर नाहीत’ असे कळले आणि पैसे अडकलेलेच दिसले, तर घाबरू नका.

बुधवारीही ते अडकलेले असतील, तर यूपीआय अ‍ॅपमध्ये मँडेट पाहा. तिथे ते रद्द झालेले असून खात्यावर लिएन तसेच असेल, तर निरोप बहुधा पोहोचला आहे, खोळंबा तुमच्या बँकेत आहे. शाखेतल्या कर्मचाऱ्याला अनेकदा याची कल्पनाच नसते, त्यामुळे अर्ज क्रमांक देऊन लेखी तक्रार करा.

विलंबासाठी सेबीने भरपाई ठरवली आहे: दिवसाला १०० रुपये किंवा वार्षिक १५ टक्के, जे जास्त असेल ते. १५,००० वर १५ टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम सहा रुपये, म्हणजे इथे १०० रुपयेच लागू होतात. बँक दाद देत नसेल तर इश्यूच्या रजिस्ट्रारला कळवा, आणि तरीही हलले नाही तर सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार नोंदवा.