उक्तं काम की पगारी माणूस?

कोथरूडमधल्या घरातून मसाले विकणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पार्सलं बांधायला शेजारची मुलगी येते, पार्सलमागे वीस रुपये घेते. आता प्रश्न असा, की तिला उक्तंच ठेवावं, की रोज तीन तासांसाठी महिना आठ हजारांवर नोकरीला घ्यावं?

आठ हजार हा खरा आकडा नव्हे. दिवाळीला एक पगार बोनस म्हणून द्यायचा, म्हणजे वर्षाला तेरा पगार झाले. महिन्याला साधारण ८,६७० रुपये पडतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर रोजच्या एका पार्सलचा उक्ता खर्च ५२० रुपये. म्हणजे रोज सतरा पार्सलं असतील, तर पगार परवडतो.

पण सरासरी इथे फसवते. पावसाळ्याचे चार महिने रोज बारा पार्सलं, उन्हाळ्यात आणि दिवाळीत मिळून दोन महिने पन्नास, बाकी सहा महिने वीस, असं धरू. सगळं उक्तं दिलं तर वर्षाला १,३९,३६० रुपये होतात. मुलगी पगारावर घेतली, आणि तीन तासांत तिच्याकडून वीस पार्सलं होतात म्हणून हंगामातली वरची तीस उक्ती दिली, तर १,३५,२००. महिन्याला साडेतीनशे रुपयांचासुद्धा फरक नाही!

म्हणजे निकाल पैशात लागत नाही, वेळेत लागतो. पावसाळ्यात पगारी मुलीला रोज तासभर रिकामा मिळतो. त्यात ती पत्ते तपासेल, गोडा मसाला संपत आलाय हे सांगेल, ‘पार्सल कुठवर आलं?’ या मेसेजना उत्तरं देईल. आज हे सगळं मालकीणबाई रात्री अकराला करतात. नगावर पैसे घेणाऱ्याने ते का करावं? म्हणून पंधरा दिवस वहीत लिहावं, की असं फुटकळ काम रोज किती वेळ खातं. तासाच्या वर भरलं, तर माझं मत नोकरीकडे झुकतं.

लोगोचं मात्र उलट. तो एकदाच लागतो, तेव्हा डिझायनर फ्रीलान्सरच बरा. फक्त एक गोम आहे. नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. फ्रीलान्सरने काढलेल्या लोगोचा त्याच्याकडेच राहतो, तुम्ही पैसे चुकते केले तरी. हक्क हस्तांतराचा सहीचा कागद आधी घ्या.

आणि ‘उक्तं’ म्हणायचं, पण रोज दहाला यायचं, सांगू तसंच करायचं, दुसरीकडे काम धरायचं नाही, असा कारभार असेल, तर वाद झाल्यावर कागदावरचं नाव पुरत नाही; प्रत्यक्षात हुकूम कोणाचा चालत होता हेही पाहिलं जातं. किमान वेतनाचा कायदा तर एकच नोकर असला तरी लागू होतो.