मॉनिटरवरची अक्षरे धूसर का होतात?

एलसीडी मॉनिटरचे पिक्सेल, म्हणजे प्रकाशाचे बारीक चौकोनी ठिपके, पडद्यात कायमचे बसवलेले असतात. फुल एचडी मॉनिटरच्या प्रत्येक आडव्या ओळीत १९२० पिक्सेल असतात आणि अशा १०८० ओळी असतात. हेच त्याचे मूळ रिझोल्यूशन. सेटिंग काहीही केले तरी हे ठिपके तेवढेच राहतात.

अक्षरे बारीक दिसतात म्हणून अनेक जण रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणतात. अक्षरे मोठी होतात खरी, पण १२८० ठिपक्यांची ओळ आता १९२० ठिपक्यांवर ताणून बसवावी लागते. चित्रातल्या एका ठिपक्याच्या वाट्याला पडद्यावरचे दीड पिक्सेल येतात, आणि अर्धा पिक्सेल काळा, अर्धा पांढरा असे करता येत नाही. समजा, पांढऱ्या पानावर एक ठिपका रुंदीचा काना आहे. ताणल्यावर त्याचा एक पिक्सेल काळा राहतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी शेजारचा पिक्सेल करडा करावा लागतो. ही करडी कड एका कान्याला डावीकडे येते, तर दुसऱ्याला उजवीकडे. डोळ्यांना जाणवणारा धूसरपणा तो हाच. छायाचित्रात रंग हळूहळू बदलत असल्याने तो फारसा खटकत नाही. अक्षराची कड मात्र एकदम काळ्यातून पांढऱ्यात जाते. देवनागरीत अनुस्वार आणि रफार एवढे लहान असतात, की पहिला फटका त्यांनाच बसतो.

उपाय सोपा आहे. विंडोज ११ मध्ये Settings उघडून System आणि मग Display मध्ये जावे. Display resolution च्या यादीत ज्याच्यापुढे Recommended लिहिलेले असते, तो आकडा निवडावा. सहसा तेच मूळ रिझोल्यूशन असते. अक्षरे मोठी हवी असतील तर त्याच पानावरचे Scale १२५ किंवा १५० टक्के करावे. दोन्ही मार्गांनी अक्षरे मोठी होतात, पण फरक महत्त्वाचा आहे. रिझोल्यूशन कमी केल्यावर तयार चित्र ताणले जाते, तर स्केल वाढवल्यावर फॉन्टमधल्या रेखाकृतीवरून अक्षर मोठ्या मापात नव्याने काढले जाते आणि पडद्याचा प्रत्येक पिक्सेल त्याच्या कामी येतो.

मूळ आकडा यादीत दिसतच नसेल, तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर नीट बसलेला नसतो किंवा केबल अथवा अडॅप्टर कमी पडत असतो. सगळा पडदा स्वच्छ आणि एकाच प्रोग्रॅमची अक्षरे धूसर असतील, तर दोष रिझोल्यूशनचा नसतो. काही जुने प्रोग्रॅम स्केलप्रमाणे अक्षरे नव्याने काढू शकत नाहीत, म्हणून विंडोज त्यांची खिडकी चित्रासारखी ताणते. अशा प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेणे हाच खात्रीचा मार्ग.