ढोल ऐकू येतोय, पिपाणीसारखा सूरही आहे. मग हा आदिवासी नाच नेमका कोणता?

समजा, नेवासा तालुक्यातल्या सोनईत बसलेल्या एखाद्याच्या फोनवर चाळीस सेकंदांची रील येते. माणसं गोल धरून नाचतायत, ढोल घुमतोय आणि त्यावर एक जाडसर, थरथरता सूर सलग चालू आहे. खाली कॅप्शन एवढीच, ‘आदिवासी नृत्य, अप्रतिम!’ कमेंटमध्ये एक जण ‘तारपा’ लिहितो, दुसरा ‘भिलांची होळी’ म्हणतो, तिसरा ‘हे तर बोहाड्याचं वाजप’ असं सांगतो. तिघांनाही खात्री असते आणि तिघंही चुकीचे असू शकतात.

फोनवरचं गाणं ओळखणारं अ‍ॅप इथे फारसं कामाला येत नाही. असं अ‍ॅप आधी साठवलेल्या रेकॉर्डिंगशी आवाज जुळवून पाहतं. पाड्यावर त्या रात्री वाजवलेलं कुठे साठवलेलंच नसतं. अ‍ॅपने नाव सांगितलंच, तर बहुतेक वेळा ते रीलवर वरून चढवलेल्या स्टुडिओतल्या गाण्याचं असतं.

मग ओळखायचं कसं? आधी फुंकून वाजवायचं वाद्य, मग ढोल, मग नाचाची रचना, त्यानंतर हंगाम आणि सगळ्यात शेवटी कपडे. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात आणि फसतात.

आधी कान: सूर तुटतो की सलग चालतो?

पहिली खूण म्हणजे श्वास. बासरी वाजवणारा मधेमधे श्वास घेतो, तेव्हा सूर क्षणभर तुटतो. तारपा आणि पावरी या वाद्यांचा सूर मात्र तुटत नाही. वादक गालात हवा साठवतो आणि नाकाने श्वास घेता घेता तीच हवा वाद्यात ढकलत राहतो.

या दोन्ही वाद्यांची मूळ रचना सारखी आहे. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आत थरथरणाऱ्या जिभल्या आणि फटी बुजवायला मेण. दोन नळ्या एकदम वाजतात, म्हणून आवाज जाड आणि किंचित नाकातला येतो. गारुड्याच्या पुंगीची आठवण होते ती त्यामुळेच.

फरक दिसतो तो टोकाला. तारप्याचं टोक तोंडाकडे रुंद होत जाणाऱ्या लांब कर्ण्यासारखं असतं आणि हा कर्णा ताडाच्या पानांचा असतो. काही तारपे वाजवणाऱ्याच्या उंचीपेक्षाही लांब असतात. पावरीच्या टोकाला अनेक ठिकाणी बैलाचं शिंग बसवतात आणि वाद्याला मोरपिसं लावतात. रीलमध्ये वादक दोन सेकंद जरी दिसला, तरी तिथे थांबून वाद्याचं टोक पाहावं.

मग ढोल: आहे की नाही?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू भागातला तारपा नाच मुख्यतः तारप्याच्याच सुरावर चालतो. त्याला ढोलाची गरज नसते. ताल मिळतो तो नाचणाऱ्यांच्या पायांतून आणि पुढच्या नाचणाऱ्याच्या हातातल्या खुळखुळणाऱ्या काठीतून. ती काठी तो जमिनीवर आपटतो आणि बाकीचे त्यावर पाय टाकतात.

पावरीचं तसं नाही. नाशिकच्या सुरगाणा, पेठ, कळवण भागात, धुळ्याच्या साक्री तालुक्यात आणि लागून असलेल्या गुजरातच्या डांगमध्ये कोकणा समाजात ‘ढोल-पावरी’ हा जोडशब्दच आहे. त्यामुळे भोपळ्याच्या वाद्याचा सलग सूर आणि त्याच्या बरोबरीने जोरकस ढोल असं ऐकू आलं, तर पहिला अंदाज पावरीचा करावा.

सातपुड्यातल्या होळीचा आवाज आणखी वेगळा. नंदुरबारच्या अक्कलकुवा, अक्राणी भागात भिल्ल आणि पावरा समाजाच्या होळीत मोठमोठे ढोल एकाच वेळी वाजतात आणि कंबरेच्या घुंगरांचा गजर चालू असतो. बांबूची बासरी म्हणजे पावा असलाच, तरी तो त्या गदारोळात अधूनमधून वर येतो.

चौथी शक्यता सोनईकरांच्या स्वतःच्या जिल्ह्यातली. अहिल्यानगरच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरी गावांत बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे घातलेली सोंगं रात्रभर नाचत येतात आणि त्यांच्या सोबतीला संबळ आणि सनई किंवा पिपाणी असते. संबळ म्हणजे शेजारी शेजारी बांधलेली दोन लहान तालवाद्यं, काठ्यांनी वाजवायची. त्याचा आवाज ढोलासारखा घुमत नाही, तडतडतो. सनईचा सूर टोकदार आणि उंच असतो. घुमणारा ढोल आणि तडतडणारा संबळ हा फरक एकदा कानात बसला, की बोहाडा इतर तिघांपासून लगेच वेगळा काढता येतो.

पावरा, पावरी, पावा: इथे हमखास गोंधळ होतो

कमेंटमधली निम्मी भांडणं या तीन शब्दांमुळे होतात. पावरा ही सातपुड्यात राहणारी जमात. पावरी हे कोकणा समाजात प्रचलित असलेलं भोपळ्याचं वाद्य. पावा म्हणजे बांबूची बासरी. ‘पावरी नाच’ म्हणजे पावरा समाजाचा नाच, असं धरून चालणाऱ्याने नाशिकचा नाच नंदुरबारला नेऊन ठेवलेला असतो.

नाचणाऱ्यांची रचना काय सांगते?

तारपा नाचात माणसं एकमेकांच्या कंबरेभोवती हात घालून साखळी करतात. ती साखळी वादकाभोवती फिरते, पण पूर्ण बंद होत नाही. एक टोक मोकळं राहतं आणि गोलाची गुंडाळी होते. वारली चित्रांत दिसणारी चक्राकार आकृती हीच. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमुळे ती जगभर पोचली. वादक वळला की साखळी वळते, आणि त्याने चाल बदलली की पाय बदलतात. या चालींना देवांची, पक्ष्या-प्राण्यांची नावं असतात.

इथे ‘गाणं कोणतं?’ या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. वादकाच्या तोंडात वाद्य असतं, तो गाऊ शकत नाही. त्यामुळे तारपा नाचात अनेकदा शब्दांचं गाणं नसतंच, चाल असते आणि मधे आरोळ्या असतात. वारली लग्नात लग्न लावणारी धवलेरी गाते, पण तो विधी वेगळा आणि ती गाणीही वेगळी. तारपा नाचाच्या रीलवर अंतरा-मुखड्याचं गाणं ऐकू आलं, तर आवाज नंतर चढवलेला आहे का, ते आधी पाहावं. वादकाची बोटं आणि सूर जुळत नसतील, तर आवाजाच्या खुणा सोडून द्याव्यात आणि फक्त चित्रावरून अंदाज बांधावा.

ढोल-पावरीच्या नाचात वेग जास्त असतो. हातात हात धरलेली साखळी नागमोडी धावते आणि मधेच खांद्यावर चढून मनोरे होतात.

हंगाम: कॅप्शनची तारीख नको, मागचं रान पाहा

तारप्याचा मूळ काळ म्हणजे पाऊस ओसरून भात तयार होतो, तेव्हापासून वाघबारस-दिवाळीच्या आसपासचा. सातपुड्यातली होळी फाल्गुनात. तिच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात आणि वेगवेगळ्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात, म्हणजे एका गावाला दुसऱ्याच्या होळीला जाता येतं. काठी गावची होळी यातली सर्वांत प्रसिद्ध, ती पहाटे पेटते. बोहाडाही उन्हाळ्याच्या तोंडावरचा. पावरी मात्र होळीला, लग्नात, दिवाळीलाही वाजते, त्यामुळे तिच्याबाबत हंगामाची खूण कच्ची ठरते.

पोस्टची तारीख तर कोणाबाबतच भरवशाची नाही. 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, सगळे नाच एकाच दिवशी मंचावर येतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात होळीचा नाच डिसेंबरात होतो. म्हणून पार्श्वभूमी पाहावी. पिवळं पडलेलं किंवा कापलेलं भात दिसलं तर दिवाळीच्या आसपासचा काळ. पानं झडलेली झाडं आणि लाल-केशरी पळस दिसला तर फाल्गुन. मागे फ्लेक्स आणि माइक दिसले, तर हंगामाची खूण बाद.

कपडे शेवटी का?

कारण मंचावरचे कपडे पथकासाठी शिवलेले असतात. एकसारखी धोतरं, रंगीत फेटे आणि गुडघ्यापर्यंतची लुगडी कोणत्याही आदिवासी नाचात घालतात.

अपवाद सातपुड्यातल्या होळीचा. राखेचे किंवा पांढरे ठिपके-पट्टे ओढलेलं अंग, कंबरेला सुक्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, हे रूप बावा-बुध्यांचं. ते नवसाचं असतं. ते घेणारे होळीच्या काळात काही दिवस पाळणूक पाळतात. असं अंग रंगवलेलं दिसलं आणि सोबत मोठे ढोल असले, तर होळी म्हणायला हरकत नाही.

आता ती सोनईची रील

सूर सलग आणि जाड, म्हणजे बासरी नाही, सनईही नाही. घुमणारा ढोल आहे, म्हणजे बोहाड्याचा संबळ बाद. पंधराव्या सेकंदाला वादक दिसतो. वाद्याच्या टोकाला शिंग आहे, मोरपिसं आहेत. म्हणजे तारपा बाद, पावरी पक्की. साखळी धावतेय, शेवटी दोन थरांचा मनोरा होतो, तेही जुळलं. अंगावर ठिपके नाहीत, भोपळ्यांच्या माळा नाहीत, म्हणजे सातपुड्याची होळी नाही. मागे पळस फुललाय, म्हणजे काळ फाल्गुनाच्या आसपासचा.

उत्तर निघालं, ‘ढोल-पावरी नाच, बहुधा होळीच्या दिवसांतला.’ इथेच थांबायचं. नाचणारे कोकणाच आहेत, असं यावरून म्हणता येत नाही. या पट्ट्यात कोकणा, वारली, ठाकर, महादेव कोळी शेजारी शेजारी राहतात आणि वाद्यं एकमेकांकडे जातात. तारपा फक्त वारलीच वाजवतात, हाही गैरसमज आहे. वाद्यावरून नाचाचं नाव सांगता येतं. समाजाचं आणि गावाचं नाव रील टाकणाऱ्याला विचारूनच लिहावं.

हे विचारण्याचं कारण साधं आहे. आयोजक पथकं शोधतात ती आता याच रील्स आणि कॅप्शनवरून. सुरगाण्याच्या पावरीवाल्याचा व्हिडिओ ‘तारपा’ म्हणून फिरला, तर पुढचं बोलावणं त्याला येत नाही. आणि ज्याला येतं, त्याच्याकडे ते वाद्यच नसतं.