बिलं कुणी निवडली?

वर्षभराची खरेदीची 48 हजार बिलं ऑडिटरसमोर आहेत, असं समजा. सगळी तपासणं शक्य नाही. नुसत्या चिठ्ठ्या टाकून शंभर उचलली, तर बहुतेक वाट्याला येतील चहा-स्टेशनरीची, आणि कोट्यवधींचं यंत्र यादीतच राहील. म्हणून आधी रकमेनुसार गट पाडतात. दहा लाखांच्या वरची 40 बिलं सगळीच तपासायची. एक ते दहा लाखांची 2,960. त्यातली 60 घ्यायची. उरलेल्या 45 हजारांतून 50 पुरतात.

आता ही 60 निवडायची कशी? एक्सेलचं `RAND()` सोयीचं वाटतं, पण शीटमध्ये कुठेही काही बदललं की त्याचे आकडेही बदलतात. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, ‘हीच बिलं का?’, तर दाखवायला काही उरत नाही. त्यापेक्षा संगणकाला सुरुवातीचा एक आकडा द्यावा. त्याला सीड म्हणतात. सीड तोच, यादी तीच, तर निवडही तीच.

```python
df = df.sort_values("voucher_no")
b = df[df["band"] == "B"]
s = b.sample(n=60, random_state=20250331)
```

यातली पहिली ओळ लोक हमखास विसरतात. `sample` ओळींच्या जागा निवडतं, बिलं नव्हे. यादी पुन्हा काढताना क्रम बदलला, तर सीड तोच असूनही वेगळीच बिलं हाती येतात. क्रम लावताना पुरवठादाराचा बिल नंबर मात्र नको, कारण 101 नंबरचं बिल दोघा पुरवठादारांचं असू शकतं. कंपनीचा स्वतःचा, एकदाच येणारा व्हाउचर नंबर घ्यावा. त्याआधी यादीची बेरीज खातेवहीशी जुळवावी आणि क्रेडिट नोटा वेगळ्या काढाव्यात, नाहीतर उणे रकमा मुकाट्यानं सर्वांत खालच्या गटात जाऊन बसतात.

सीडमध्येही लबाडी करता येते. दहा सीड चालवून सोयीची यादी ठेवली, तर कागदावर सगळं नियमात दिसतं. त्यामुळे यादी हातात येण्याआधीच सीड लिहून ठेवावा. निवडलेलं बिल सापडत नाही म्हणून शेजारचं घेणं हा त्याच जातीचा प्रकार. इतर पुराव्यानंही खात्री पटली नाही, तर न सापडलेलं बिल चूक म्हणूनच मोजायचं.

समजा, मधल्या गटातली 60 बिलं 1.6 कोटींची निघाली आणि त्यांत 80 हजार जास्त दिलेले आढळले. म्हणजे अर्धा टक्का. पूर्ण गट 80 कोटींचा असेल, तर अंदाजे चूक 40 लाखांची. हा अंदाज त्याच गटापुरता. खालच्या गटाची चूक त्याच्या 50 बिलांवरूनच काढायची. शिवाय तो अंदाज आहे, खरा आकडा त्याच्या अलीकडे-पलीकडे असू शकतो.

आणि जे बिल नोंदवलंच नाही, ते या यादीत नाही. त्यामुळे कितीही सीड बदलले तरी ते वर येणार नाही. त्यासाठी गोदामाच्या आवक रजिस्टरपासून उलट्या दिशेनं निघावं लागतं.