विश्लेषण : सलूनच्या जाहिरातीचे तीन हजार वसूल झाले का?

नांदगावातील एखाद्या सलूनने फेसबुक-इन्स्टाग्रामवर महिना तीन हजार रुपयांची जाहिरात केली, तर महिनाअखेरीस मोबाइलवर दिसणारे आकडे बहुतेक वेळा सुखावणारेच असतात. पोहोच हजारांत, लाइक शेकड्यांत. गल्ल्यात किती भर पडली, ते मात्र स्क्रीनवर दिसत नाही. त्यासाठी दुकानात एक वही लागते.

तीन हजार कसे ठरले?

समजा, नवे गिऱ्हाईक पहिल्या भेटीत सरासरी ४०० रुपयांचे काम करून घेते. त्यातले साधारण १०० रुपये क्रीम, रंग, ब्लेड, टॉवेल धुणे यांत जातात आणि ३०० उरतात. म्हणजे तीन हजार निघण्यासाठी दहा नवी गिऱ्हाइके हवीत. खुर्च्या दोनच असतील आणि शनिवार-रविवारी आधीच रांग लागत असेल, तर ही दहा माणसे बसवायची कुठे, हा प्रश्न बजेटच्याही आधीचा. अशा दुकानाने जाहिरातीत मंगळवार ते गुरुवारच्याच वेळा द्याव्यात.

तीन हजार भरले, तरी सगळे जाहिरातीला लागत नाहीत. १८ टक्के जीएसटी वजा जाऊन सुमारे २,५४२ रुपये उरतात, म्हणजे दिवसाला ८५. सलूनच्या सेवेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पण त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे नोंदणी असो वा नसो, हिशेबात खर्च पूर्ण तीन हजारच धरावा.

पैसे कुठे गळतात?

सर्वाधिक गळती नकाशावर होते. नांदगावभोवती ४० किलोमीटरचे वर्तुळ राहू दिले, तर मनमाड त्यात येतेच, शिवाय मालेगाव आणि येवलाही येतात. केस कापायला मालेगावहून नांदगावला कोण येणार? शिवाय ही जाहिरात त्या भागात राहणाऱ्यांना दिसते, तशीच नुकतेच तिथे येऊन गेलेल्यांनाही दिसते. मनमाड जंक्शनवर गाडी बदलणारा प्रवासीही त्यात सापडू शकतो. त्यापेक्षा दुकानावर पिन टाकून पाच-सात किलोमीटरचे वर्तुळ करावे. वर्तुळ लहान असले, की तेच लोक तोच फोटो पुनःपुन्हा पाहतात. म्हणून दर दहा-बारा दिवसांनी फोटो बदलावा. फोटोही दुकानातल्याच कामाचा हवा, इंटरनेटवरून उचललेला नको.

महिनाअखेरचा हिशेब

जाहिरातीवरील बटण व्हॉट्सअ‍ॅप संभाषण उघडणारे असेल, तर अहवालात `Messaging conversations started` हा आकडा येतो. समजा तो ४६ आहे, म्हणजे एका संभाषणाला सुमारे ५५ रुपये पडले. स्वस्त वाटते. पण सात दिवस शांत असलेल्या जुन्या गिऱ्हाइकाने जाहिरातीवरून पुन्हा मेसेज केला, तरी तो या आकड्यात धरला जातो.

आता ही ४६ नावे वहीशी ताडून पाहू. नऊ जण जुनेच निघाले. पंधरा जण भाव विचारून गप्प झाले, दहा जणांना अंतर परवडेना. बारा जणांनी वेळ घेतली आणि प्रत्यक्षात नऊ आले. खुर्चीत बसल्यावर ‘दुकान कुठून कळलं?’ असे विचारले, तेव्हा त्यातल्या दोघांनी शेजाऱ्याने सांगितल्याचे म्हटले. उरले सात. सात गुणिले ३००, म्हणजे २,१००. महिना ९०० रुपयांनी तोट्यात.

इथेच जाहिरात बंद करणे मात्र घाईचे ठरेल. सलूनचा धंदा परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतो. सातांपैकी तिघे पुढच्या दोन महिन्यांत एकेकदा परतले, तरी ते ९०० भरून निघतात आणि जाहिरात बरोबरीत येते. म्हणून नव्या नावापुढे तारीख लिहून साठ दिवस वाट पाहावी.

सवलत दिली असेल, तर गणित आणखी बिघडते. जाहिरात पाहून आलेल्या नऊ जुन्या गिऱ्हाइकांनी प्रत्येकी १०० रुपयांची सूट घेतली, तर ते ९०० रुपयेही जाहिरातीच्याच खर्चात जातात. ती माणसे तशीही आलीच असती. ‘फक्त पहिल्या भेटीसाठी’ एवढी एक ओळ घातली की ही गळती थांबते.

दुसरा चकवा हंगामाचा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, कांद्याला बरा भाव मिळाला की बाजारात पैसा फिरतो. तेव्हा जाहिरात नसतानाही गर्दी होते. म्हणून जाहिरातीचा महिना दिवाळीच्या महिन्याशी ताडू नये. जाहिरातीआधीच्या साध्या महिन्यात किती नवे चेहरे आले, ते आधीच मोजून ठेवावे. एखाद्या नवरीचे आठ हजारांचे काम मिळाले, तर तेही वेगळ्या पानावर लिहावे. एरवी त्या एका बुकिंगखाली बाकी महिन्याचा तोटा झाकला जातो.

साठ दिवसांनंतरही हिशेब बरोबरीच्या खालीच राहिला, तर पुढच्या महिन्यात बजेट तेवढेच ठेवून एकच गोष्ट बदलावी : आधी वर्तुळ, मग फोटो, मग सेवा. तिन्ही एकदम बदलल्या, तर फरक कशाने पडला ते वहीतूनही कळत नाही.